आपण म्हणजे कोण

मार्च आला हे पनवेलमध्ये कॅलेंडर न बघताही कळतं. झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. क्लासवाल्यांच्या फलकांवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे उन्हाने फिके पडलेले असतात, त्यांच्यावर नवे डकवायची घाई सुरू होते. कामोठ्याच्या रिक्षांत मांडीवर दप्तर घेतलेली मुलं डोळे मिटून पुटपुटत असतात, आणि पुटपुटणं थांबलं की शेजारी बसलेली आई कोपराने ढोसते. याला आपल्याकडे अभ्यास म्हणतात. पुटपुटण्यात डोक्याचा काही संबंध आला पाहिजे अशी अट नाही.

यंदाचा मार्च आमच्या घरात मात्र मोकळा आला. जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नाहीत. माझं ताट इतकी वर्षं त्या गठ्ठ्यांच्या कडेला, एका कोपऱ्यात असायचं. आता संपूर्ण टेबल माझं आहे, आणि मी अजूनही कोपऱ्यातच बसतो.

माझी बायको सुमन शाळेत मराठी शिकवायची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी ही तिथे दुसरी भाषा. बाकी सगळ्या 'मॅम', ही एकटी 'बाई'. तो हट्ट तिचाच. वर्गात हिंदी घरांतली मुलं सगळ्यात जास्त, त्याखालोखाल गुजराती, मल्याळी, ओडिया; आणि उरलेली आपली मराठी. या शेवटच्या गटातल्या पालकांविषयी मी फारसं चांगलं बोलू शकणार नाही. "अहो, आमच्या मुलीचं मराठी इतकं वीक आहे ना!" हे वाक्य मी जिन्यात, लग्नात, दवाखान्यात ऐकलेलं आहे, आणि ते सांगताना एकाही आईचा चेहरा पडलेला मी पाहिलेला नाही. मुलीची दाढ किडली तर इतक्या आनंदाने सांगतील का?

मी तळोज्याच्या एका कारखान्यात खर्चाचे हिशेब बघतो. भाषेतलं मला कळत नाही, पण भागाकार कळतो. एकदा सुमनने मला विचारलं, "पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात चाळीस मुलं. त्यातली पंचवीस मिनिटं मीच बोलले, तर एका मुलाच्या वाट्याला किती?"

"पंधरा सेकंद," मी म्हटलं.

"पंधरा सेकंदांत पोहायला शिकवाल कुणाला?"

त्या भागाकारातून तिचा शुक्रवारचा शेवटचा तास निघाला. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'चुकीचा तास'. त्या तासाला जोड्या करायच्या. एकाच बाजाराची दोन चित्रं. एकात भाजीवाली आहे पण तराजू नाही, दुसऱ्यात तराजू आहे पण भाजीवाली नाही. एकमेकांचं चित्र बघायचं नाही. विचारूनच काय कमी आहे ते शोधायचं, आणि विचारायचं मराठीत. सगळ्या जोड्या एकदम बोलतात, त्यामुळे पंधरा सेकंदांची पंधरा मिनिटं होतात. गोंगाटही होतो. सुमन बाकांमधून फिरायची आणि कुणाचीही चूक काढायची नाही. मुलगा म्हणाला, "बाई, माझी पुस्तक पडली," की ती म्हणायची, "तुझं पुस्तक पडलं? कुठे पडलं?" एवढंच. बरोबर रूप तिच्या उत्तरातून त्याच्या कानावर जायचं, आणि बोलणं पुढे चालायचं.

"त्याला कळतं का तू दुरुस्त केलंस ते?" मी विचारलं होतं.

"पुष्कळदा नाही कळत. पण तोंड उघडं राहतं. तोंड मिटलं की मग मी काय, कुणीच काही करू शकत नाही."

शाळेला त्या तासातला फक्त गोंगाट ऐकू यायचा. मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बाई, क्लास कंट्रोल!" जणू वर्ग म्हणजे घसरणारी मोटार. पालकांच्या सभेत विचारणा व्हायची की या तासाला मार्क किती. मार्क नाहीत म्हटल्यावर माना अशा हलायच्या की जणू भेसळ पकडली.

शिवानी याच तासाची. रोडपालीला राहणारी, वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकचं काम बघतात, घरात अवधी वळणाची हिंदी. पाचवीत आली तेव्हा वर्षभर मराठीत एक शब्द बोलली नाही. चित्र बघायची, जोडीदाराचं ऐकायची, बोटाने दाखवायची. वर्गशिक्षिकेने शेरा मारला: 'प्रतिसाद शून्य.'

सुमनचे वडील उरणच्या बाजूला मिठागरात कामाला होते. तो शेरा वाचून ती माझ्यावरच करवादली. "शून्य काय शून्य? वाफ्यात पाणी कोंडलं की कितीतरी दिवस पाणीच दिसतं. वरून बघणाऱ्याला वाटतं काय चाललंय, नुसतं पाणी. मग एका दुपारी कडेने पांढरं धरतं. ही पोरगी ऐकतेय. कान भरल्याशिवाय तोंड कसं वाहील?"

सहावीत, पावसाळा सरता सरता, शिवानीने तोंड उघडलं. "बाई, मी केलं." मग "मी गेली", "मी आणलं". घरी पेढे वाटले म्हणे. आणि दिवाळीनंतर तिची आई आमच्या दारात. "मॅडम, पहले ठीक बोलती थी, 'केलं' बोलती थी. अब 'करलं' बोलती है. 'गेली' का 'जाली' बोलती है. आप क्या सिखा रहे हो?"

सुमनने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि समजावलं. पहिलं 'केलं' पाठ झालेलं होतं, पोपटासारखं. आता मुलीच्या लक्षात आलंय की बस-चं बसलं होतं, हस-चं हसलं, बोल-चं बोललं. म्हणजे कर-चं करलं, जा-ची जाली. तिला नियम सापडलाय. भाषाच नियम मोडते त्याला ती काय करणार? थोड्या दिवसांनी भाषेचा अन्याय तिच्या लक्षात येईल आणि ती 'केलं'वर परत येईल, पण तेव्हा ते तिचं स्वतःचं असेल. "ज्या दिवशी ती चुकायला लागली ना, त्या दिवसापासून ती शिकायला लागली."

आईने चहा संपवला आणि म्हणाली, "लेकिन एग्जाम में तो गलत ही देंगे ना?"

परीक्षा घेणाऱ्याच्या लेखी पोपट पास आणि शिकणारी नापास. असा ताळेबंद मी कारखान्यात मांडला तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

गेल्या मार्चमध्ये सुमन निवृत्त झाली. शाळेने वार्षिक समारंभातच निरोप उरकायचं ठरवलं, म्हणजे मांडव एकच. तिला एकच काळजी होती. आपल्या मागे शुक्रवारचा तास राहील का? नव्या वेळापत्रकात त्या जागी सराव-पुस्तिका भरून घेण्याचा तास टाकणार अशी कुजबुज होती. निर्णय संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात, आणि अध्यक्ष समोर असणार ते या समारंभातच. निरोपाच्या भाषणात मागणं मागू नये असा शिष्टाचार आहे. सुमन म्हणाली, "शिष्टाचार नंतर पाळेन, तेव्हा वेळच वेळ आहे."

अध्यक्ष विचुंब्याच्या बाजूचे. शेतीवर इमारती उभ्या राहिल्या आणि नाना म्हणून गावात वावरणारे गृहस्थ इथे 'चेअरमनसाहेब' झाले. घरी म्हाताऱ्या आईशी फोनवर "आये, मी जेवलू नाय अजून" असं सुरेख बोलणारा हा माणूस माईक हातात आला की भलत्याच भाषेत शिरतो. इंग्रजी चुकतं याचं मला काही नाही. चुकलंच पाहिजे, तसंच ते येतं. पण जी भाषा येते तिची लाज आणि जी येत नाही तिचा रुबाब, हा व्यवहार माझ्या हिशेबात दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. त्या दिवशीही शेवटी इंग्रजी संपलं तेव्हा त्यांनी छापील मराठी काढली. "बाई, आपण अनेक वर्षे सेवा केलीत. आपण आता आराम करावा. आम्ही आपल्याला निरोप देत आहोत." शाल, श्रीफळ, टाळ्या. पुढच्या रांगेतल्या पालकांनी फोन वर धरले. ते बघत नव्हते, साठवत होते.

सुमन उठली. हातातला नारळ खुर्चीवर ठेवला आणि सुरुवातच त्या शब्दाने केली.

"साहेब आत्ता 'आपण' म्हणाले. हा शब्द शिकवताना माझी दरवर्षी दमछाक होते. मी वर्गात म्हणते, 'आपण उद्या मैदानावर जाऊ.' हिंदी घरातलं मूल ऐकतं 'आप'. त्याला वाटतं, बाई मला एकट्यालाच पाठवतायत. मल्याळी आणि गुजराती मुलांना हे पटकन जमतं, कारण त्यांच्या घरच्या भाषेतही दोन 'आम्ही' आहेत. समोरच्याला धरून एक, वगळून एक. तेव्हा मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. घरची भाषा बरोबर घेऊन येतं, आणि त्याच उजेडात आपली भाषा बघतं. ओडिया पोराला 'ळ' आयता येतो, हिंदी पोराचं 'बाळ' महिनोन्‌महिने 'बाल' राहतं. म्हणून ओडिया पोरगं हुशार आणि हिंदी पोरगं ढ ठरत नाही."

मागून कुणीतरी जांभई दिली. तिने ती ऐकली आणि तरीही पुढे गेली, हे मी तिच्या मानेवरून ओळखलं.

"मी एका क्रमाने शिकवत आले, मुलं दुसऱ्याच क्रमाने शिकत आली. लिंग मी पहिल्या महिन्यात शिकवते. ते त्यांच्या तोंडात बसतं सगळ्यात शेवटी. कारण लिंग चुकलं तरी पाणी मिळतं. 'नको' मात्र पहिल्या आठवड्यात येतं, कारण ते आलं नाही तर नको ते ताटात पडतं. ज्याची गरज, ते आधी. गुणपत्रिकेची गरज ही मुलांची गरज नव्हे, ती तुमची.

"आणि तुम्ही, मराठी माणसं. बाहेरचे लोक मराठी शिकत नाहीत म्हणून तुम्ही कट्ट्यावर गळे काढता. तुमच्या इमारतीचा वॉचमन 'पाणी आला' म्हणाला की तुम्ही काय करता? हसता, आणि हिंदीत शिरता. त्याने दार उघडलं होतं, ते तुम्ही तोंडावर आपटलंत. दुसऱ्याला चुकू देण्याएवढा धीर नसलेल्या माणसाने भाषेच्या नावाने रडू नये."

आमच्या सोसायटीचे सचिव दोन खुर्च्या पलीकडे होते. त्यांनी एकदम बूट न्याहाळायला घेतले. त्या सकाळीच त्यांनी वॉचमनला "गाडी हटाने को बोलो" म्हणून दम दिला होता. वॉचमन जालन्याचा आहे.

इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण शिक्षकाला उदाहरणाशिवाय राहवत नाही. तिने मुलांच्या रांगांकडे बघितलं. "शिवानी, तुला पहिल्यांदा 'आपण' ऐकून काय वाटलं होतं, सांगतेस?"

शिवानी उभी राहिली. पोरीला बाईंचा विश्वास, सभागृहाची तिला काय कल्पना. स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाई, मला वाटला, तुम्ही मला 'आप' बोलल्या. एवढा मान कोणीच नाही दिला होता."

हशा उसळला. 'वाटला'ला हसले. पुढच्या रांगेतून "वाटलाऽ" असं कुणीतरी वेडावूनही दाखवलं, मोठ्या माणसाने. मुख्याध्यापिका ओठ मिटून हसल्या. अध्यक्ष सगळे हसतायत म्हणून हसले. शिवानीने इकडे तिकडे पाहिलं, आपण काय केलं ते तिला कळेना, आणि ती खाली बसली. बसली म्हणजे पुढच्या बाकाच्या पाठीमागे दिसेनाशी झाली.

सुमन हसू संपेपर्यंत थांबली. शाळेतल्या तिच्या साऱ्या वर्षांत तिचा आवाज एवढा खाली गेला नसेल.

"तिने किती चांगलं उत्तर दिलं. तुम्हाला त्यातलं फक्त लिंग ऐकू आलं." मग ती अध्यक्षांकडे वळली, आणि बोली बदलली. "नाना, मी पन गावचीच हाय. आमी साळंत 'नाय' बोललू का गुरुजी हसायचं, सगली पोरं हसायची. मी वरीसभर त्वांड उघडला नाय. ही पुस्तकातली मराठी माजीपन दुसरीच भाषा हाय. तुमची बी. म्हनून सांगते, तो शुक्रवारचा तास ठेवा. एक तास तरी असू द्या, जितं कोन हसनार नाय."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. गावच्या भाषेतलं गावच्या माणसाला केलेलं सरळ मागणं होतं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलंही, मला दिसलं. मग त्यांनी मुख्याध्यापिकेकडे पाहिलं, माईक ओढला आणि म्हणाले, "शुअर, शुअर. वुई विल थिंक पॉझिटिव्ह." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय वाजवतोय हे ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही.

परतताना रिक्षात ती नारळ मांडीवर घेऊन बसली होती. खांदा कॉलनीचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "तासाचं जाऊ द्या हो. मी तिला उठवायला नको होतं."

"लोक मूर्ख आहेत," मी म्हटलं.

"लोक मूर्ख आहेत हे मला माहीत होतं ना. तरी उठवलं."

जूनमध्ये नवं वेळापत्रक आलं. शुक्रवारचा शेवटचा तास: सराव-पुस्तिका. वर्ग शांत झाला, मुख्याध्यापिका दारात उभ्या राहीनाशा झाल्या. गाळलेल्या जागा भरा, लिंग बदला, वचन बदला. मुलं मान खाली घालून लिहितात. शिवानीच्या आईने बाजारात सुमनला गाठून खुशीने सांगितलं की आता लेकीचा एकही 'गलत' येत नाही, सहामाहीला मराठीत वर्गात दुसरी. "और बोलती है?" सुमनने विचारलं. आई म्हणाली, "बोलती कहाँ है. लेकिन मार्क्स अच्छे हैं."

सुमन त्या दिवशी भाजी न घेताच घरी आली. नंतर तिने कधी शाळेचं नाव काढलं नाही. मार्च लागला तरी नाही. मी मात्र हिशेब सोडत नाही. चुकणारी, बोलणारी मुलगी दिली आणि न चुकणारी, न बोलणारी मुलगी घेतली, आणि या देवघेवीत सगळ्यांना वाटतंय की नफा झाला. शाळा खूश, आई खूश, अध्यक्षांचं पॉझिटिव्ह थिंकिंग चालूच. तोटा ज्या एकीच्या खात्यावर पडला ती सातवीत आहे आणि ती गप्प आहे.

परवा दुपारी, शुक्रवार होता, बेल वाजली. सुमन बाजारात गेली होती. दारात शिवानी, अंगावर शाळेचा गणवेश, परीक्षेचा पॅड छातीशी. उंच झाली आहे. मला बघून ती बावरली. मीही बावरलो, मुलांशी काय बोलायचं हे मला कधी कळलं नाही, ते खातं सुमनचं.

ती बराच वेळ नुसती उभी होती. ओठ हलले, मिटले. मी हिंदीत विचारणार होतो. अगदी जिभेवर आलं होतं, 'क्या काम है बेटा'. ते गिळायला मला जेवढे कष्ट पडले तेवढे भल्याभल्या लेखापरीक्षणात पडले नाहीत. वाट बघणं हे काम आहे हे मला तेव्हा समजलं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "बाई कुठे जाल्या?"

"बाई ना? बाजारात गेल्या. येतीलच."

"कधी गेल्या?"

"आत्ताच गेल्या."

ती आत आली. टेबलाकडे बघितलं, रिकाम्या टेबलाकडे, आणि बाईंच्या खुर्चीसमोरची खुर्ची ओढून बसली.

"आज मराठीचा पेपर होता," ती म्हणाली. "सगळं बरोबर लिहिलं. मग मला वाटला..." थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या सभागृहात मीही होतो हे तिला आठवत असणार.

"काय वाटलं तुला?" मी विचारलं.

"वाटलं, आज शुक्रवार आहे. बाई नाही, तर आपण बोलू."

मी शब्दाचा कच्चा माणूस, आकड्यांचा पक्का. कुणाला कुणाच्या खात्यावर टाकलं ते स्पष्ट झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. म्हणून विचारलं, "आपण म्हणजे कोण?"

तिने एक बोट स्वतःकडे केलं, एक माझ्याकडे, आणि मंद विद्यार्थ्याला समजावतात तशा सावकाश आवाजात मला शिकवलं.

"मी, आणि तुम्ही पण."